आजारपणातल्या कवितांच्या संग्रहाला नाव काय द्यावे?

वसुधा_विश्रामबाग

नमस्कार. मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. मला जीबीएस हा मज्जातंतूंचा आजार झाला आणि त्यानंतरच्या दीर्घ आजारपणात मी ज्या कविता केल्या, त्यांचा छोटासा संग्रह आता निघतो आहे. संहिता तयार आहे, अनुक्रम जवळपास ठरला आहे आणि मुखपृष्ठ करणारा मुलगा शीर्षकासाठी थांबला आहे. माझे अडले आहे ते तिथेच.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. तळपायांना मुंग्या येण्यापासून सुरुवात झाली, चार दिवसांत पाय गेले, मग हात आणि शेवटी श्वास. व्हेंटिलेटरवरून सुटले तरी बोटांत पेन धरण्याची ताकद नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या कविता मी बोलले आणि मुलीने त्या शाळेच्या जुन्या वहीत उतरवून घेतल्या. पुढच्या कविता माझ्या हातच्या आहेत. आज मी चालते, पण डाव्या पायाला स्प्लिंट लागतो आणि तो काढला की त्या पायाची टाच अजून नीट टेकत नाही.

आतापर्यंत सुचलेली नावे अशी आहेत. ‘पुन्हा उभी’ हे माझ्या यजमानांना आवडते. ‘वेदनेचा प्रवास’ हे शाळेतल्या सहकाऱ्यांनी सुचवले. ‘खिडकीतली कृष्णा’ हे मुलीचे. ‘रोज एक मिलिमीटर’ हे माझे स्वतःचे आहे, कारण मज्जातंतू रोज साधारण एवढाच वाढतो असे मला रुग्णालयात सांगितले होते आणि ते वाक्य मी वर्षभर मनात घोळवत राहिले. चारही नावे मला अर्धी आवडतात. शीर्षकात आजार दिसावा की नाही, हाच माझा मूळ प्रश्न आहे.

हळदपेठ

ताई, अभिनंदन. नाव लहान असावे, दोन शब्दांच्या वर जाऊ नये, म्हणजे लक्षात राहते. त्या हिशेबाने ‘पुन्हा उभी’ उत्तम आहे. दुसरे असे की, जे नाव ठरेल ते दिल्लीला कळवून आधी मंजूर करून घ्या, कारण तेच नाव दुसऱ्या कोणाचे असेल तर पुढे कोर्टकचेरी होऊ शकते. माझ्या मेहुण्यांनी मासिक काढले तेव्हा त्यांना तीन-चार नावे पाठवावी लागली होती आणि त्यातले एक मंजूर झाले.

फर्मा_आणि_बांधणी

मिरजेत छपाई आणि बांधणीचे काम करतो, म्हणून आधी वरील गैरसमज दूर करतो. मेहुण्यांचा अनुभव खरा आहे, पण तो वर्तमानपत्रे आणि नियतकालिके यांच्यापुरता आहे. पुस्तकाचे शीर्षक कोठेही मंजूर करून घ्यावे लागत नाही. शीर्षकावर कॉपीराइट नसतो. 2015 मध्ये एका चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्याच नावाचे जुने पुस्तक असले तरी कॉपीराइटची भीती बाळगू नये. अडचण वेगळीच होते: ग्रंथालयात आणि दुकानात लोक भलतेच पुस्तक काढून देतात. म्हणून कवितासंग्रहांच्या दोन-तीन याद्या चाळून घ्याव्यात, एवढेच पुरे आहे.

आयएसबीएनच्या अर्जात मात्र शीर्षक भरावे लागते. पुस्तक बाहेर पडल्यावर शीर्षक बदलले तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी ऱ्हस्वदीर्घासकट नाव पक्के झालेले बरे.

आता लांबीबद्दल. शब्द दोन असावेत की चार, याचा निर्णय पुस्तकाच्या कण्यावर करून पाहावा. आपले पुस्तक किती पानांचे आहे?

वसुधा_विश्रामबाग

शहाण्णव पानांचे होईल असे प्रकाशक म्हणाले.

फर्मा_आणि_बांधणी

म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे. नेहमीचा कागद घेतला तर कणा फार तर पाच मिलिमीटरचा भरेल. त्यात वरची-खालची कड सोडली की अक्षराला तीनच्या आसपास मिलिमीटर उरतात आणि देवनागरीला मात्रा, वेलांटी आणि खालचा उकार यांसाठी त्यातलीच जागा द्यावी लागते. बारीक अक्षरात ‘पुन्हा’मधला उकार आणि ‘न्हा’ एकमेकांत मिसळतात. लांबीला जागा भरपूर असते, उंचीला नसते. म्हणून चार शब्दांचे मोकळे नाव चालेल, पण जोडाक्षरांनी गच्च भरलेले दोन शब्दांचे नाव कपाटात वाचता येणार नाही.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात अनेक वर्षे महाविद्यालयात कविता शिकवली, त्या अनुभवावरून लिहितो. वसुधाताई, आपण दिलेल्या नावांकडे मी एकाच बाजूने पाहिले: हे नाव ज्या व्यक्तीने ठेवले आहे, तिला शेवट माहीत आहे का?

‘पुन्हा उभी’ हे नाव आज चालणाऱ्या बाईने ठेवले आहे. वहीतल्या पहिल्या कविता मुलीला सांगणाऱ्या बाईला आपण उभ्या राहू की नाही, हे माहीत नव्हते. वाचकाने मुखपृष्ठावर ‘पुन्हा उभी’ वाचले की पहिल्या पानापासूनच त्याला निकाल ठाऊक असतो, आणि मधल्या कवितांमधली भीती त्याला खोटी नाही, पण निश्चिंतपणे वाचता येण्याजोगी वाटू लागते. दीर्घ आजारपणातल्या कवितांच्या संग्रहात हा धोका इतर कोणत्याही संग्रहापेक्षा जास्त असतो, कारण कविता आजारी माणूस करतो आणि शीर्षक बऱ्या झालेल्या माणसाला सुचते.

‘वेदनेचा प्रवास’ या नावाची अडचण निराळी आहे. ते कोणत्याही आजाराला, कोणत्याही दुःखाला आणि कोणत्याही संग्रहाला लावता येईल. आपल्या कवितांतली एकही वस्तू त्यात नाही.

शीर्षक किती सांगते, याबद्दल मराठीत फार भिन्न वाटा आहेत. मर्ढेकरांचे मर्ढे आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून त्यांचे उदाहरण देतो. 1939 चा त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’, म्हणजे ऋतूचे सूचन करणारा घडवलेला सामासिक शब्द. आणि 1947 च्या संग्रहाचे नाव केवळ ‘काही कविता’, तर 1951 च्या संग्रहाचे ‘आणखी काही कविता’. एकाच कवीने पुढे शीर्षकाकडून कसलेही काम करून घ्यायचे नाकारले आणि सगळा भार कवितांवर टाकला. इंदिरा संतांनी 1951 मध्ये ‘शेला’ आणि 1955 मध्ये ‘मेंदी’ अशी नावे दिली. त्या हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत; त्यांत भाव सांगितलेला नाही, पण वाचक तो स्वतः घेऊन येतो. मला आपल्या संग्रहासाठी ही दुसरी वाट जवळची वाटते.

शक्य असल्यास संग्रहातली अगदी आरंभीची एक कविता आणि मधली एक कविता इथे द्याल का? नावे बाहेरून सुचवण्यापेक्षा कवितांत शोधावी.

गुडघेदुखी_तासगाव

माझे गुडघ्याचे ऑपरेशन झाले असून सहा आठवडे झाले तरी वाकत नाही. ताई, आपण कोणते व्यायाम केले आणि स्प्लिंट कुठून करून घेतला, ते कृपया लिहावे. मला फार उपयोग होईल.

वसुधा_विश्रामबाग

गुडघेदुखी, आपला त्रास मला समजतो, पण माझा आजार मज्जातंतूंचा आणि आपला सांध्याचा, त्यामुळे माझे व्यायाम आपल्याला लागू पडतीलच असे नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच विचारावे, आणि लवकर विचारावे.

सर, आपण मागितल्याप्रमाणे दोन कविता देते. पहिली मुलीने लिहून घेतलेली आहे.

दिवा
विझवू नका.
अंधारात
पाय कुठे ठेवलेत
कळत नाही.

आणि ही बऱ्याच महिन्यांनंतरची, फिजिओथेरपीच्या खोलीतली.

समांतर दांड्यांच्या मध्ये दोघींनी मला उभे केले,
बोटे टेकली, चवडा टेकला,
टाच मात्र वरच्या वर,
परक्या घराच्या उंबऱ्यावर थबकल्यासारखी.

संथ_वाहते

पहिली कविता वाचून मी बराच वेळ थांबले. एक विचारू का? पहिल्या कवितेतल्या ओळी एक ते तीन शब्दांच्या आहेत आणि दुसरीतल्या लांब आहेत. हे ठरवून केले आहे का?

वसुधा_विश्रामबाग

ठरवून नाही. तेव्हा एका श्वासात दोन-तीनच शब्द बोलता येत असत. मुलगी मी जिथे थांबत असे तिथे ओळ तोडत असे. पुढे श्वास वाढला तशा ओळी वाढल्या. टंकलेखन करताना एकाने त्या ओळी जोडून नीट केल्या होत्या. मी त्या पुन्हा तोडून घेतल्या.

संथ_वाहते

मग शीर्षक त्यातच आहे असे मला वाटते. ‘श्वासापुरत्या ओळी’. यात आजाराचे नाव नाही, विजयाची घोषणा नाही आणि संग्रहातली प्रत्येक कविता या नावाखाली बसते, कारण प्रत्येक ओळ त्या त्या दिवशीच्या श्वासाएवढी आहे.

फिजिओ_मिरज

मी जीबीएसच्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून ‘रोज एक मिलिमीटर’बद्दल लिहिणे आवश्यक वाटते.

जीबीएसच्या बहुतेक रुग्णांत मज्जातंतूवरचे आवरण खराब होते, आतला तंतू शाबूत असतो. अशा रुग्णांत आवरण पुन्हा तयार होते आणि ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. तिथे मिलिमीटरचा हिशेब लागूच होत नाही. ज्यांच्यात आतला तंतूच तुटतो, त्यांच्यात तो नव्याने वाढावा लागतो आणि त्याचा वेग दिवसाला एक मिलिमीटरच्या आसपास धरतात. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर आहे, तेव्हा पावलाच्या स्नायूंना सर्वात जास्त वाट पाहावी लागते हे उघड आहे. ताईंचा आजार या दुसऱ्या प्रकारचा असावा असे त्यांच्या वर्णनावरून वाटते. त्यांच्यापुरते ते वाक्य खरे आहे, पण मुखपृष्ठावर छापले की प्रत्येक रुग्ण ते स्वतःचे वेळापत्रक समजेल. ज्याचे आवरणच खराब झाले आहे तो उगाच घाबरेल. शिवाय हा वेग सरासरीचा आहे; तंतू स्नायूपर्यंत पोहोचायला फार काळ लागला तर स्नायूच क्षीण होतो आणि मग पोहोचूनही पूर्ण उपयोग होत नाही. शीर्षकातला आकडा ही मर्यादा सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. दांड्यांच्या कवितेत टाच वर राहते याचे कारण केवळ अशक्तपणा नाही. अनेक महिने पाऊल खाली झुकलेले राहिले की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर आखडते, म्हणून चवडा टेकतो आणि टाच टेकत नाही. ती परत टेकणे हा आमच्या दृष्टीने फार मोठा टप्पा असतो, आणि रुग्ण सोडून तो कोणालाच दिसत नाही. कवितेने तो नेमका पाहिला आहे.

वसुधा_विश्रामबाग

माझ्या अहवालात तंतूच तुटल्याचे लिहिले होते, हे बरोबर. पण दुसऱ्या रुग्णाने ते नाव कसे वाचले असते, याचा विचार मी केला नव्हता. ‘रोज एक मिलिमीटर’ मी कवितेच्या आतच ठेवते. तिथे ते माझे एकटीचे राहील.

हरिपूर_संगम

‘खिडकीतली कृष्णा’ याविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. 2005 आणि 2019 नंतर सांगलीत कृष्णा म्हटले की वाचकाला आधी पूर आठवतो. आमच्या घरात दोन्ही वेळा पाणी आले होते. हे नाव पाहून मी पुराच्या कविता असतील असे समजून पुस्तक उघडले असते. संग्रहात नदीच्या कविता किती आहेत?

वसुधा_विश्रामबाग

एकच आहे, आणि तीही आयर्विन पुलावरून जाताना गाडीतून पाहिलेल्या नदीची. माझ्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसत असे. मुलीला नाव गोड वाटले एवढेच. ते बाद.

कोर्टातले_दिवस

दांड्यांची कविता वाचून मला ‘टाच’ हाच शब्द मुखपृष्ठावर दिसू लागला. आधी सांगतो की, मी दिवाणी न्यायालयात कारकून होतो आणि ‘टाच’ म्हटले की माझ्यासारख्याला जप्तीच आठवते, तेव्हा एकटा शब्द ठेवू नये. पण ‘टाच टेकेपर्यंत’ कसे वाटते?

अजिंक्यतारा

फार चांगले वाटते, आणि का ते सांगतो. ‘पर्यंत’मुळे नाव मधल्या काळात थांबते. टाच टेकली की नाही हे ते सांगत नाही, आणि ताईंच्या डाव्या पायाची टाच अजून टेकलेली नाही, तेव्हा ते आजही खरे आहे. त्यात आजाराचे नाव नसले तरी शरीर आहे. ‘पुन्हा उभी’ आणि ‘टाच टेकेपर्यंत’ ही एकाच घटनेची नावे आहेत, परंतु पहिले घटना घडून गेल्यानंतरचे आणि दुसरे आधीचे आहे.

‘श्वासापुरत्या ओळी’ हेही मला टाकवत नाही. ते अचूक आहे, पण ते कवितांविषयी बोलते. ‘ओळी’, ‘शब्द’, ‘अक्षर’ असे शब्द शीर्षकात आले की पुस्तक स्वतःकडे बोट दाखवू लागते. अर्थात हा माझ्या आवडीचा भाग आहे, त्याला नियम म्हणता येणार नाही.

संथ_वाहते

सर, मला हे पटत नाही. ‘टाच टेकेपर्यंत’ हे नाव दांड्यांच्या कवितेवर फार वजन टाकते. वाचक आधी तीच कविता शोधणार आणि बाकीच्या तिच्या वाटेवरच्या पायऱ्या ठरणार. ‘दिवा विझवू नका’ ही कविता तर टाचेची वाट पाहत नाही. तिला पाय कुठे आहेत हेच कळत नाही. व्हेंटिलेटरच्या काळातल्या कविता या नावाखाली बसतात का, हे ताईंनी एकेक काढून पाहावे.

अजिंक्यतारा

आक्षेप रास्त आहे. शीर्षककविता हा प्रकार नेहमीच इतर कवितांवर अन्याय करतो. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: ज्या कवितेतून संग्रहाचे नाव घेतले, त्या कवितेचे स्वतःचे नाव वेगळे ठेवायचे आणि ती पहिली किंवा शेवटची लावायची नाही. वाचकाला ती मध्येच कुठेतरी भेटली पाहिजे.

मनेराजुरीची_वाचक

आतापर्यंतच्या चर्चेशी मी सहमत नाही, आणि माझे कारण साहित्याचे नाही. माझे पती याच आजाराने दोन वर्षे अंथरुणावर होते. त्या काळात मी सांगलीतल्या दुकानांत आणि ग्रंथालयांत या आजारातून गेलेल्या माणसाने लिहिलेले काहीतरी मराठीत शोधत होते. उपचारांची माहिती मिळत होती. आतून कसे वाटते ते मला हवे होते, कारण माझे माणूस काही सांगत नव्हते. ‘टाच टेकेपर्यंत’ असे पुस्तक समोर असते तरी मी ते उचलले नसते. ‘दिवा विझवू नका’ ही कविता मला तेव्हा मिळाली असती, तर रात्री दिवा मालवल्यावर ते का ओरडत, हे मला कळले असते. आपण वाचकाला अंदाज करायला लावणारी नावे निवडता आणि ज्याला त्या पुस्तकाची गरज आहे, तोच त्याच्याजवळून निघून जातो.

वसुधा_विश्रामबाग

आपले लिहिणे वाचून मी काल काहीच उत्तर देऊ शकले नाही. माझ्याही घरी दिव्यावरून हेच झाले होते.

फर्मा_आणि_बांधणी

मनेराजुरीच्या ताईंचे म्हणणे दुकानाच्या दृष्टीने अगदी खरे आहे, पण शीर्षकानेच सगळे करावे असे नाही. मुखपृष्ठावर शीर्षकाखाली लहान अक्षरांत एक ओळ देता येते; कवितासंग्रहांत ती फारशी देत नाहीत, पण देऊ नये असा संकेत नाही. ती ओळ आयएसबीएनच्या अर्जात उपशीर्षक म्हणून भरली, तर शोधणाऱ्यालाही सापडते. कण्यावर ती घेऊ नये, तिथे जागा नाही. दुसरी जागा म्हणजे पाठराखण. दुकानात माणूस पुस्तक उलटून आधी तेच वाचतो. त्यामुळे तिथल्या पहिल्या वाक्यात आजाराचे नाव स्पष्ट असावे. कोणा मान्यवराच्या कौतुकाने सुरुवात करू नये.

अजिंक्यतारा

उपशीर्षकाला माझा थोडा विरोध आहे. ‘जीबीएसच्या काळातील कविता’ असे खाली आले की वाचक कविता कमी आणि रुग्णाचे निवेदन जास्त वाचू लागतो. पाठराखणीत आणि मनोगतात आजाराचे नाव स्वच्छ यावे, याबद्दल मात्र माझे दुमत नाही.

मनेराजुरीची_वाचक

सर, रुग्णाचे निवेदन म्हणून वाचले तर कविता कमी होते, हे मला समजत नाही. मी ती पाच ओळींची कविता तशीच वाचली.

वसुधा_विश्रामबाग

संथ_वाहते यांनी सांगितल्याप्रमाणे मी सगळ्या कविता काढून ‘टाच टेकेपर्यंत’ या नावाखाली एकेक वाचून पाहिल्या. बहुतेक बसतात. व्हेंटिलेटरच्या काळातल्या सहा-सात बसत नाहीत. त्यांत वाट पाहणेच नाही, केवळ छत, नळीचा आवाज आणि दिवा आहे. मग तीच परीक्षा ‘श्वासापुरत्या ओळी’ची घेतली. त्या सहा-सात कविता तिथे घट्ट बसल्या, पण घरी आल्यानंतरच्या, श्वास पूर्ण परत आल्यानंतरच्या कविता सैल वाटू लागल्या.

म्हणून असे ठरवते आहे. संग्रहाचे नाव ‘टाच टेकेपर्यंत’. त्या सहा-सात कवितांचा आरंभी वेगळा विभाग आणि त्या विभागाला ‘श्वासापुरत्या ओळी’ हे नाव, संथ_वाहते यांची हरकत नसेल तर. दांड्यांच्या कवितेला ‘समांतर दांड्या’ एवढेच नाव राहील आणि ती मधल्या विभागात जाईल. यजमानांना ‘पुन्हा उभी’ गेल्याचे वाईट वाटले. त्यांच्यासाठी त्या शब्दांची अर्पणपत्रिका करता येते का ते पाहते आहे.

उपशीर्षकाचे अजून ठरलेले नाही. पाठराखणीची सुरुवात मात्र मी स्वतः लिहिली आहे: ‘जीबीएस या आजारात आधी पाय जातात आणि पाय परत येतात तेही सर्वात शेवटी. या कविता त्या मधल्या काळातल्या आहेत.’

संथ_वाहते

हरकत कसली, आनंदच आहे. विभागाचे नाव स्वतंत्र पानावर घ्या आणि त्या पानाची मागची बाजू कोरी ठेवा, म्हणजे पहिली कविता उजव्या पानावर येईल.

फर्मा_आणि_बांधणी

विभागांची पाने वाढली तर शहाण्णवात बसत नाही, सातवा फर्मा लागेल. त्यापेक्षा मागची जाहिरातीची पाने काढायला सांगा. आणि अर्जासाठी नाव पाठवताना ‘टेकेपर्यंत’ एकत्र लिहून पाठवा. ‘टेके पर्यंत’ असे तोडून भरलेले अर्ज माझ्याकडे नेहमी येतात.

मनेराजुरीची_वाचक

पाठराखणीतली दोन वाक्ये वाचली. उपशीर्षक असावे असेच माझे मत अजून आहे, पण ही वाक्ये वाचून मी पुस्तक खाली ठेवले नसते. सांगलीत कोणत्या दुकानात मिळेल ते कळवावे. दोन प्रती हव्या आहेत.